न्यूट्रॉन थंड व्हायला किती टकरा लागतात? लेथार्जी आणि ξ चा हिशेब, पायरी पायरीने

तारापूरला एकाच आवारात दोन वेगळ्या घराण्यांच्या अणुभट्ट्या आहेत. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत न्यूट्रॉनचा वेग कमी करण्याचं काम साध्या पाण्याकडे दिलेलं आहे. २००५-०६ मध्ये आलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत तेच काम जड पाणी करतं. पहिल्या जोडीला समृद्ध युरेनियम लागतं, दुसऱ्या जोडीचं नैसर्गिक युरेनियमवर भागतं. असं का, हे समजून घ्यायचं तर सुरुवात एका छोट्या हिशेबापासून करावी लागते: विखंडनातून सुसाट बाहेर पडलेला न्यूट्रॉन मंद होईपर्यंत त्याच्या किती टकरा होतात? बारावीचं भौतिकशास्त्र आणि ln चं बटण असलेला कॅल्क्युलेटर एवढ्यावर हे जमतं. फक्त दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो. लेखात त्या जागांवर जरा जास्त वेळ थांबू.

आधी दोन टोकं ठरवा

विखंडनात सुटणाऱ्या न्यूट्रॉनची सरासरी ऊर्जा साधारण २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे २ MeV असते. खाली जायचं आहे ते ०.०२५३ eV पर्यंत. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पदार्थात रुळलेल्या न्यूट्रॉनची ही प्रमाणित ऊर्जा. या ऊर्जेला न्यूट्रॉनचा वेग सेकंदाला २२०० मीटर असतो. या दोन ऊर्जांचं गुणोत्तर जवळपास ८ कोटी आहे. एवढी मोठी उतरण टप्प्याटप्प्याने, एकेका टकरीत थोडी थोडी होते.

एका टकरीत काय होतं

न्यूट्रॉन एखाद्या स्थिर अणुकेंद्रकावर आदळला आणि टक्कर स्थितिस्थापक असेल, तर त्याच्याकडे किती ऊर्जा उरेल ते टकरीच्या कोनावर अवलंबून असतं. नुसता चाटून गेला तर जवळजवळ सगळी ऊर्जा शिल्लक राहते. समोरासमोर आदळला तर सगळ्यात जास्त जाते. कॅरममध्ये सोंगटीने सोंगटीला नेमकं मधोमध मारलं तर मारणारी जागीच थांबते. तीच सोंगटी चौकटीवर आपटली तर जवळपास त्याच वेगाने परत येते. समोरचा जितका आपल्या वजनाचा, तितकी ऊर्जा जास्त निघून जाते.

समोरासमोरच्या टकरीनंतर ऊर्जेचा जो हिस्सा उरतो त्याला α म्हणतात. अणुवस्तुमानांक A असेल तर:

```
α = ((A - 1) / (A + 1))²
```

हायड्रोजनसाठी A = 1, म्हणून α शून्य. एकाच टकरीत न्यूट्रॉन सगळी ऊर्जा गमावू शकतो. कार्बनसाठी A = 12, म्हणून α = (11/13)² = 0.716. म्हणजे कार्बनवर कितीही नेमकी टक्कर झाली तरी एका वेळी २८.४ टक्क्यांहून जास्त ऊर्जा जाणार नाही.

इथे एक गृहीतक लागतं, आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. न्यूट्रॉन आणि अणुकेंद्रकाच्या सामाईक वस्तुमानकेंद्रातून पाहिलं तर न्यूट्रॉन सर्व दिशांना सारख्याच शक्यतेने उडतो, असं आपण धरतो. तसं धरलं की टकरीनंतरची ऊर्जा αE ते E या पट्ट्यात कुठेही समान शक्यतेने पडते. हायड्रोजनसाठी हे गृहीतक विखंडनाच्या ऊर्जांना उत्तम चालतं. कार्बनसारख्या अणूंवर MeV च्या पातळीला न्यूट्रॉनचा कल थोडा पुढच्या दिशेला असतो, त्यामुळे वरच्या टोकाला ऊर्जेची घट सूत्रापेक्षा जरा कमी होते. अंदाज काढताना याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

लेथार्जी कशासाठी

टकरीत ठरावीक इतके इलेक्ट्रॉन-व्होल्ट जात नाहीत, असलेल्या ऊर्जेचा काही हिस्सा जातो. २ MeV चा न्यूट्रॉन कार्बनवर आदळून सरासरी २ लाख ८४ हजार eV गमावेल, १० eV चा जेमतेम दीड. इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोजत बसलो तर प्रत्येक टकरीला नवा हिशेब मांडावा लागेल. गुणाकाराच्या उतरणीला लॉग लावला की ती बेरजेची होते, म्हणून ही राशी घेतात:

```
u = ln(E_ref / E)
```

हीच लेथार्जी. ऊर्जा उतरते तशी u वाढत जाते. E_ref साठी बहुतेक वेळा 10 MeV घेतात, म्हणजे विखंडनाच्या जवळजवळ सगळ्या न्यूट्रॉनची लेथार्जी धन येते. त्या हिशेबाने 2 MeV ला u = 1.61 आणि 0.0253 eV ला u = 19.80. आपल्याला हवं आहे ते या दोघांमधलं अंतर:

```
Δu = ln(2000000 / 0.0253) = 18.19
```

E_ref बदलला तरी हे अंतर बदलत नाही. तेव्हा कुठल्या पुस्तकात 10 MeV आहे, कुठे 2 MeV, यावरून गोंधळू नका. मात्र दोन वेगवेगळ्या पुस्तकांतले u चे आकडे एकमेकांतून वजा करू नका.

कॅल्क्युलेटरवर log आणि ln ही दोन बटणं शेजारी असतात. चुकून log दाबलं तर उत्तर 7.9 येतं आणि पुढची प्रत्येक संख्या २.३ पटीने लहान निघते. हायड्रोजनसाठी सात-आठ टकरा असं उत्तर दिसलं तर समजावं, बटण चुकलं.

ξ काढणे

आता एका टकरीत लेथार्जी सरासरी किती वाढते ते हवं. त्यालाच ξ (क्साय) म्हणतात, म्हणजे एका टकरीतली सरासरी लॉगॅरिदमिक ऊर्जाघट. टकरीनंतरची ऊर्जा αE ते E मध्ये समान शक्यतेने पसरलेली असते, हे आपण वर धरलंच आहे. त्या पट्ट्यावर ln(E/E′) ची सरासरी घेतली की हे सूत्र मिळतं:

```
ξ = 1 + α ln(α) / (1 - α)
```

या सूत्रात E कुठेच नाही. न्यूट्रॉन २ MeV चा असो की १० eV चा, एका टकरीत त्याची लेथार्जी सरासरी तेवढीच पुढे सरकते. म्हणून तर पुढचा सगळा प्रश्न एका भागाकारात सुटतो.

कार्बनसाठी आकडे घालून पाहू. α = 0.716, ln α = −0.334. त्यांचा गुणाकार −0.239. त्याला 1 − α म्हणजे 0.284 ने भागलं की −0.842. त्यात 1 मिळवला की ξ = 0.158. हायड्रोजनला α शून्य असल्यामुळे सूत्र थेट चालवता येत नाही, कॅल्क्युलेटर ln 0 ला चूक दाखवतो; पण α शून्याकडे जाताना α ln α सुद्धा शून्याकडे जातो, म्हणून ξ = 1.

जड अणूंसाठी सूत्राऐवजी ξ ≈ 2/(A + 2/3) हे वापरा. A = 12 ला ते 0.158 च देतं. ते नुसतं सोयीचं म्हणून सांगत नाही. युरेनियमसारख्या अणूला α जवळजवळ १ असतो, आणि मूळ सूत्रात दोन जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी होते. मधले आकडे तीन-चार दशांश स्थळांवर तोडले असतील तर उत्तर पार बिघडतं.

भागाकार

```
N = Δu / ξ
```

ग्रॅफाइटसाठी 18.19 / 0.158 = 115. हायड्रोजनसाठी 18. ड्युटेरियमला ξ = 0.725, म्हणून 25. ऑक्सिजनला ξ = 0.120, म्हणून 152.

सुरुवातीची ऊर्जा २ MeV च का, १ का नाही, याची फार चिंता करू नका. निम्मी घेतली तर Δu मधून ln 2, म्हणजे फक्त ०.६९ कमी होतो. कार्बनच्या ११५ टकरांपैकी चार-पाच गळतात, हायड्रोजनची एकही पुरती गळत नाही. खालच्या टोकाचंही तसंच. उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत पाणी २८० अंशांच्या पुढे असतं, त्यामुळे तिथली औष्णिक ऊर्जा ०.०२५३ च्या जवळपास दुप्पट असते, पण लॉगमध्ये त्याचाही फरक तेवढाच.

‘निम्मी-निम्मी’चा सापळा

हायड्रोजनवरच्या टकरीनंतर ऊर्जा ० ते E मध्ये कुठेही पडते, म्हणजे सरासरी निम्मी उरते. मग ८ कोटींचं गुणोत्तर गाठायला किती वेळा निम्मं करावं लागेल? ln 2 ने भागलं तर २६ येतात. आपलं उत्तर तर १८ होतं. विद्यार्थी इथे हमखास अडतात, आणि अडणं रास्तच आहे, कारण दोन्ही वाक्यं खरी आहेत.

१८ टकरांनंतरची स्थिती पाहा. खूप न्यूट्रॉन घेतले आणि त्यांच्या ऊर्जांची साधी सरासरी काढली, तर ती २० लाख भागिले २ चा अठरावा घात, म्हणजे साधारण ७.६ eV येईल. त्याच न्यूट्रॉनच्या लॉगची सरासरी घेऊन परत ऊर्जेत आणली तर ०.०३ eV. अडीचशे पटींचा फरक! साधी सरासरी फुगते ती थोड्या भाग्यवान न्यूट्रॉनमुळे: प्रत्येक टकरीत चाटून निघालेले, अजून शेकडो किंवा हजारो eV बाळगून असलेले. बाकीचा मोठा जमाव कधीच खाली पोचलेला असतो. आपल्याला विचारायचं आहे ते त्या जमावाबद्दल, म्हणून लॉगची सरासरी. कार्बनला एका टकरीतलं नुकसानच छोटं असल्यामुळे हा फरक जवळपास मिटतो: साध्या सरासरीने ११९, ξ ने ११५. ही चूक ग्रॅफाइटवर लपून राहते आणि पाण्यावर उघडी पडते ती यामुळे.

स्वतः पडताळून पाहा

सूत्रावर नुसता विश्वास ठेवू नका. खालचा प्रोग्रॅम दहा हजार न्यूट्रॉन एक-एक करून १ eV पर्यंत उतरवतो. (१ eV च का, ते पुढे येईलच.)

```python
import random, statistics as st
A, E0, E1 = 12, 2e6, 1.0
a = ((A - 1) / (A + 1))**2
N = []
for _ in range(10000):
    E, n = E0, 0
    while E > E1:
        E *= a + (1 - a) * random.random()
        n += 1
    N.append(n)
print(st.mean(N), st.stdev(N))
```

२ MeV ते १ eV हे अंतर लेथार्जीत 14.51 आहे, म्हणून भागाकार सांगतो ९२. प्रोग्रॅम मात्र ९२.६-९२.७ च्या आसपास देईल. A = 1 केलं तर भागाकाराने १४.५ आणि प्रोग्रॅमने १५.५. हा वरचा थोडा भाग चुकीमुळे आलेला नाही. शेवटची टक्कर न्यूट्रॉनला नेमकी सीमेवर नेऊन ठेवत नाही, ती सीमा ओलांडून पलीकडे टाकते. त्या ओलांडण्याचा हिशेब भागाकारात नसतो. हायड्रोजनला हा फरक बरोबर एका टकरीचा असतो, कार्बनला सुमारे ०.७ चा.

छापलेली दुसरी संख्या जास्त बोलकी आहे. ती प्रमाण विचलन. कार्बनला ती सहाच्या आसपास येते, हायड्रोजनला ३.८. म्हणजे ‘ग्रॅफाइटमध्ये ९२ टकरा’ याचा अर्थ बहुतेक न्यूट्रॉन ८० ते १०५ च्या दरम्यान पोचतात. हायड्रोजनमध्ये तर आठ-नऊ टकरांत उतरणारेही भेटतात आणि बावीस-तेवीस घेणारेही. उत्तर ११५.२८ असं दोन दशांशांपर्यंत लिहिणाऱ्याला हा पसारा ठाऊक नसतो.

१ eV च्या खाली सूत्र का डळमळतं

आपण समोरचं अणुकेंद्रक स्थिर धरलं. १ eV च्या वर ते ठीक आहे. त्याखाली येता येता न्यूट्रॉनची ऊर्जा अणूंच्या स्वतःच्या औष्णिक हालचालीच्या तोडीची होते, आणि हलणारा अणू न्यूट्रॉनला उलट ऊर्जा देऊही शकतो. शिवाय अणू मोकळा नसतो. पाण्यातला हायड्रोजन रेणूत बांधलेला, ग्रॅफाइटमधला कार्बन स्फटिकात जखडलेला. इतक्या मंद न्यूट्रॉनला तो एकटा अणू म्हणून भेटतच नाही. ०.०२५३ पर्यंत सूत्र ताणलं तर कार्बनला शेवटच्या टप्प्यात आणखी २३ टकरा निघतात. त्या २३ ला अंदाज म्हणा, ९२ ला हिशेब. खरी आकडेमोड करणारे प्रोग्रॅम या टप्प्यासाठी प्रत्येक पदार्थाचे वेगळे तक्ते वापरतात.

युरेनियम-२३८ चा आकडाही काही पुस्तकांत याच सूत्राने दिलेला दिसतो: ξ = 0.0084, टकरा २१७०. गणित बरोबर आहे, पण निसर्गात असं होत नाही. वेगवान न्यूट्रॉन युरेनियमच्या केंद्रकाला उत्तेजित करून एका फटक्यात बरीच ऊर्जा गमावतो, आणि ही टक्कर स्थितिस्थापक नसते. त्यातून पुढे खाली आलाच, तर ६.६७ eV ला युरेनियम-२३८ चं शोषणाचं जबरदस्त शिखर वाट पाहत असतं.

पाण्यासाठी ξ: सरासरी कशाची घ्यायची

पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. म्हणून (1 + 1 + 0.12)/3 = 0.71? नाही. न्यूट्रॉन कोणावर आदळेल हे अणूंच्या संख्येवर एकट्यावर ठरत नाही, प्रत्येकाच्या काटछेदावर ठरतं. काटछेद म्हणजे टकरीसाठी अणुकेंद्रक जेवढं ‘रुंद’ दिसतं ते क्षेत्रफळ. मधल्या ऊर्जांना हायड्रोजनचा काटछेद सुमारे २० बार्न, ऑक्सिजनचा ३.८. त्यांचं वजन देऊन:

```
ξ(H2O) = (2×20×1 + 3.8×0.12) / (2×20 + 3.8) = 0.92
```

म्हणजे साध्या पाण्यात जवळपास २० टकरा. नुसती अणूंची सरासरी घेतली असती तर २६ आल्या असत्या. जड पाण्यात ड्युटेरियमचा काटछेद ३.४ बार्नच असतो, त्यामुळे ऑक्सिजनचा वाटा वाढतो:

```
ξ(D2O) = (2×3.4×0.725 + 3.8×0.12) / (2×3.4 + 3.8) = 0.51
```

टकरा ३६. एक सूचना मात्र लक्षात असू द्या: २ MeV ला हायड्रोजनचा काटछेद २० नाही, ३ बार्नच्या आसपास असतो. अगदी वरच्या टप्प्यात पाण्याचा ξ म्हणून ०.९२ पेक्षा कमी पडतो. मिश्रणाचा ξ ऊर्जेबरोबर बदलतो, एकट्या मूलद्रव्याचा बदलत नाही.

मग जड पाणी कशाला?

२० टकरा विरुद्ध ३६. या आकड्यांवरून साधं पाणी जिंकायला हवं, आणि मंद करण्याच्या कामात ते जिंकतंच. पण प्रत्येक टक्कर ही न्यूट्रॉन गिळला जाण्याचीही संधी असते. म्हणून ξ आणि विकिरणाचा काटछेद यांच्या गुणाकाराला शोषणाच्या काटछेदाने भागायचं. औष्णिक न्यूट्रॉनसाठी साध्या पाण्याचा एक रेणू ०.६६५ बार्न शोषतो. जवळजवळ सगळं हायड्रोजनमुळे. 0.92 × 43.8 / 0.665 म्हणजे ६१. ग्रॅफाइटसाठी 0.158 × 4.7 / 0.0035, म्हणजे सुमारे २१०. पूर्ण शुद्ध जड पाण्याचा रेणू ०.००१२ बार्नच शोषतो, आणि गुणोत्तर चार हजारांच्या पुढे जातं.

नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के. इतक्या काटकसरीच्या इंधनाला न्यूट्रॉनची उधळपट्टी परवडत नाही. ग्रॅफाइटवर ते चालतं, शिकागोत डिसेंबर १९४२ मध्ये फर्मी यांच्या गटाने ते करून दाखवलं. जड पाण्यावरही चालतं. साध्या पाण्यावर चालत नाही, म्हणून तारापूरच्या पहिल्या जोडीला समृद्ध इंधन.

हे गुणोत्तर किती नाजूक आहे तेही याच कॅल्क्युलेटरवर पाहता येतं. जड पाण्यात पाव टक्का साधं पाणी मिसळलं असं धरा. त्याचं शोषण 0.0025 × 0.665 = 0.0017 बार्न, म्हणजे उरलेल्या ९९.७५ टक्के जड पाण्याच्या एकूण शोषणापेक्षाही जास्त. गुणोत्तर चार हजारांच्या वरून १९०० वर येतं. टकरांची संख्या मात्र जवळपास ३६ च राहते. ती पाहून भेसळ कळणार नाही, त्यासाठी शोषणच मोजावं लागतं.